दावतीनंतर वाढलेले वजन कुठून येते?

लग्नसराईत नशिराबादच्या बऱ्याच घरांत असे होते. रात्री वलीम्याची दावत होते आणि सकाळी काट्यावर उभे राहिले की आकडा किलो-सव्वा किलोने वाढलेला दिसतो. मग "एका दावतीत महिन्याची मेहनत पाण्यात गेली" म्हणून कोणी दिवसभर उपाशी राहते, तर कोणी वैतागून परहेजच सोडून देते. दोन्ही गोष्टी चुकीच्या हिशेबावर होतात, म्हणून तो हिशेबच आज मांडून पाहू.

समजा, एका बाईचे वजन दावतीच्या सकाळी 68 किलो होते. रात्री तिने दोन प्लेट बिर्याणी, थोडा जर्दा, पापड, लोणचे आणि एक ग्लास थंड शरबत घेतले. दुसऱ्या सकाळी काटा 69.3 दाखवतो. हे 1 किलो 300 ग्रॅम आले कुठून?

पहिला वाटा मिठाचा. दवाखान्यात लावतात त्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. आपल्या रक्तातला खारेपणाही साधारण तेवढाच असतो आणि शरीर तो बदलू देत नाही. जेवणातून साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याहून थोडे कमी मीठ जास्त गेले, तर ते बाहेर पडेपर्यंत शरीर त्याच्याबरोबर सुमारे अर्धा लिटर पाणी धरून ठेवते. बिर्याणीनंतर रात्री तहान लागते ती यासाठीच. झाले 500 ग्रॅम.

दुसरा वाटा भात आणि साखरेचा. त्यांची शरीरात ग्लुकोज होते. लगेच न लागणारे ग्लुकोज यकृत आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन या रूपात साठते. हे ग्लायकोजेन कोरडे राहत नाही; त्याच्या एका ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी साठते. त्या रात्री नेहमीपेक्षा 130 ग्रॅम जास्त साठले असे धरले, तर पाण्यासकट 520 ग्रॅम होतात.

उरलेले तीनशे ग्रॅमच्या आसपासचे वजन पोटात आणि आतड्यांत अजून पुढे सरकत असलेल्या अन्नाचे. हिशेब जुळला.

आता हीच वाढ चरबीची असती तर? शरीरावर एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा सुमारे 7,700 कॅलरी जास्त खाव्या लागतात. म्हणजे 1 किलो 300 ग्रॅमसाठी दहा हजार. बिर्याणीच्या एका प्लेटला ढोबळमानाने 700 कॅलरी धरल्या, तर रोजच्या जेवणाशिवाय चौदा प्लेट! आपल्या या बाईने गरजेपेक्षा फार तर 900 कॅलरी जास्त घेतल्या असतील. त्यांची सगळी चरबी झाली तरी ती सव्वाशे ग्रॅमच्या आतच. मात्र अशी दावत दर दोन दिवसांनी झाली, तर हेच सव्वाशे ग्रॅम साचत जातात आणि ते वजन खरे असते.

नेहमीचे जेवण सुरू झाले की मूत्रपिंडे जादा मीठ लघवीवाटे काढून टाकतात, साठलेले ग्लायकोजेन कामात खर्च होते आणि दोन-तीन दिवसांत काटा पुन्हा 68 च्या आसपास येतो. या काळात पाणी कमी पिऊन फायदा नाही. मीठ बाहेर टाकायला पाणीच लागते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर जेवण मुळीच टाळू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते. हाच नियम उलटाही चालतो. भात-पोळी बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात जे दोन किलो झटपट उतरतात, त्यातही बहुतेक पाणीच असते.

म्हणून वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर आणि सपाट फरशीवर करावे. सात दिवसांची बेरीज करून सातने भागावे आणि ही सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. तीन-चार आठवडे सरासरी चढत राहिली, तर वजन खरोखर वाढते आहे. बायकांना मासिक पाळीच्या आधीही काही दिवस असेच पाणी चढते. त्यांनी महिन्याची तुलना महिन्याशी करावी.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नये. घरात कोणाला हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल आणि दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, पायावर बोट दाबल्यावर खड्डा राहिला किंवा आडवे झाल्यावर दम लागला, तर ते दावतीचे पाणी समजून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आणि रक्तदाब असणाऱ्याचा काटा तीन दिवसांत खाली आला, तरी मिठाचे परहेज त्याला ठेवावेच लागेल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि त्यात पापड-लोणच्यातले मीठही मोजायचे असते.