टीव्ही तुमचा, अंगठा दुसऱ्याचा



बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई, कुठलीही पेठ घ्या. नवा स्मार्ट टीव्ही बसवायची रीत एकच. दुकानाचा पोरगा येतो, भिंतीला स्टँड ठोकतो, मोबाईलच्या हॉटस्पॉटला टीव्ही जोडतो. पडद्यावर इंग्रजी करार उघडला की ‘Agree to all’ दाबून मोकळा होतो. घरमालक तेव्हा त्याच्यासाठी चहा सांगायला आत गेलेला असतो. या दिवाळीत आमच्या गल्लीत मी एकाला विचारलं, “काय दाबलंस रे?” तो म्हणाला, “काका, ते सगळेच दाबतात.”

ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्याला अंगठ्याचा अर्थ समजावायला नको. उचलीच्या कागदावर दुसऱ्यानं तुमचा अंगठा उठवला तर गावात पंचायत बसेल. टीव्हीच्या पडद्यावर तेच होतं आणि आपण त्या पोराला वर पन्नास रुपये देतो.

त्या एका दाबण्यानं काय सुरू होतं ते नीट ऐका. टीव्हीत एसीआर नावाची सोय असते, म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते टीव्हीनं स्वतः ओळखणं. टीव्ही दर काही क्षणांनी चित्राचा नाहीतर आवाजाचा छोटासा ठसा घेतो आणि कंपनीच्या सर्व्हरकडे धाडतो. तिथल्या साठ्याशी तो जुळला की कळतं, या घरात अमुक वाजता अमुक मालिका, अमुक बातमी, अमुक जाहिरात लागली होती. 2024 साली ब्रिटन, स्पेन आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी दोन मोठ्या कंपन्यांचे टीव्ही ब्रिटन आणि अमेरिकेत तपासले. एका टीव्हीच्या बाबतीत त्यांनी नोंदवलं, की तो दर 10 मिलिसेकंदाला ठसा घेतो आणि दर 15 सेकंदांना गठ्ठा पाठवतो. हिशेब तुम्हीच करा. संध्याकाळी तीन तास टीव्ही लावला तर 10 लाख 80 हजार ठसे आणि 720 गठ्ठे. घरची सून सासूवर एवढी नजर ठेवत नाही!

“आमचा डिशचा बॉक्स आहे, आम्ही कुठे इंटरनेटवर बघतो?” असं म्हणणारे इथेच फसतात. संशोधकांना ठशांची वाहतूक दिसली ती साध्या चॅनलवर आणि एचडीएमआय वायरीनं दुसरं यंत्र जोडलेलं असताना. उलट टीव्हीतल्या नेटफ्लिक्स, यूट्यूबसारख्या ॲपमध्ये ती तशी दिसली नाही. सेट-टॉप बॉक्स त्याच वायरीनं जोडलेला असतो. म्हणजे टीव्ही नेटला जोडलेला असला, की बॉक्समधून लावलेल्या चॅनलचाही ठसा निघू शकतो. आणि याच अभ्यासातली कामाची गोष्ट अशी, की सेटिंगमध्ये जाऊन नकार दिल्यावर ही वाहतूक थांबली. बटण खरं काम करतं. म्हणून तर ते इतकं खोल पुरलेलं असतं.

पुरायची कला जुनी आहे. अमेरिकेत 2017 साली एका टीव्ही कंपनीला 22 लाख डॉलर भरावे लागले, कारण तिनं 1 कोटी 10 लाख टीव्हींमधून लोकांना न विचारता पाहण्याची माहिती गोळा केली होती. ते बटण होतं, पण त्याचं नाव ‘Smart Interactivity’. एवढ्या नावावरून आपल्यावर पाळत आहे हे कोणाच्या बापाला कळणार? आता 22 लाखांना 1 कोटी 10 लाखांनी भागा. टीव्हीमागे वीस सेंट, तेव्हाच्या भावानं साधारण तेरा रुपये. तेरा रुपयांत घरभर पाळत!

आता आमच्या विद्वानांचा लाडका सवाल: “आपल्या घरात लपवण्यासारखं आहेच काय?” दादा, मग तुम्ही दाराला कडी का लावता? कुठल्या पुढाऱ्याची सभा तुम्ही शेवटपर्यंत ऐकली आणि कुठल्या समाजाच्या मोर्चाची बातमी येताच चॅनल बदललं, हे शेजाऱ्याला सांगाल का? या जिल्ह्यात? नाही सांगणार. पण ज्याचं नावगाव माहीत नाही अशा जाहिरातवाल्याला ते रोज कळू शकतं. दुसरा सवाल भीतीचा: “नकार दिला तर टीव्ही बंद पडेल.” पडत नाही. चॅनल, यूट्यूब, क्रिकेट सगळं चालतं, फक्त शिफारशी आणि जाहिराती तुमच्या आवडीच्या येत नाहीत. काही टीव्हींवर आवाजानं शोधणं थांबतं, तेव्हा रिमोटनं अक्षरं टाइप करावी लागतात. बस्स.

करायचं काय? ‘Settings’ उघडा. एका प्रकारच्या टीव्हीत ‘Terms & Privacy’ खाली ‘Privacy Choices’ सापडेल. तिथलं ‘Viewing Information Services’ आधी काढा, मग ‘Interest-Based Advertising’, मग ‘Voice Recognition Services’. दुसऱ्या प्रकारात ‘Live Plus’ नावाचं बटण असतं, ते बंद करा आणि ‘User Agreements’ मधल्या पाहण्याच्या, आवाजाच्या आणि जाहिरातीच्या खुणा काढा. काही टीव्हींत हेच काम ‘Samba Interactive TV’ या नावानं चालतं, तेही बंद करा. गूगलवाल्या टीव्हीत ‘Privacy’ मध्ये ‘Usage & Diagnostics’ बंद करा, ‘Ads’ मध्ये जाहिरातीची ओळख पुसा आणि ‘App permissions’ मध्ये ‘Microphone’ कोणकोणत्या ॲपला दिलाय ते बघून काढून घ्या. पण एवढ्यावर थांबू नका. गूगलची पानं वेगळी आणि टीव्ही बनवणाऱ्याचा करार वेगळा, दोन्ही ठिकाणी जावं लागतं. मेनूची नावं मॉडेलप्रमाणे थोडी बदलतात. viewing, voice, ads हे तीन शब्द शोधा.

माइक दोन जागी असू शकतो. रिमोटमधला बहुधा बटण दाबल्यावरच ऐकतो. लांबून हाक मारली की ओ देणारा माइक मात्र टीव्हीच्या अंगातच असतो आणि त्या शब्दासाठी कान उघडा ठेवून बसतो. अशा टीव्हीच्या खालच्या कडेला बरेचदा सरकवायचं बटण असतं, ते सेटिंगपेक्षा भरवशाचं. कॅमेरा असेल तर वादच नको. सुटा असेल तर वायर उपसा, अंगचा असेल तर काळी चिकटपट्टी लावा. 2019 साली अमेरिकेच्या एफबीआयच्या एका कार्यालयानंही हाच उपाय सांगितला होता.

एवढं करून सगळं मिटलं असं समजू नका. यूट्यूब काय पाहिलं त्याची नोंद यूट्यूब स्वतः ठेवतं, ती त्याच्या खात्यातून वेगळी थांबवावी लागते. अपडेट आल्यावर नवा करार पुढे आला तर परत ‘Agree’ दाबू नका आणि जुन्या खुणा जागेवर आहेत का ते पाहा. टीव्ही विकण्याआधी ‘Factory reset’ मारा. आणि ज्यांना फक्त डिश बघायची आहे त्यांनी टीव्हीला वायफायचा पासवर्ड देऊच नये. सगळ्यात पक्का बंदोबस्त हाच.

कायदा आपल्या बाजूनं उभा राहतोय. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितलं. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणानं, समजून-उमजून आणि स्वतःच्या कृतीनं दिलेली हवी, ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं हवं, आणि सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, मिळायला हवी. अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवायला तो मनाई करतो. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण संमतीची मुख्य कलमं लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. तोवर दुकानाचा पोरगा दाबतच राहणार.

म्हणून मागणी सरळ आहे. टीव्ही बसवणाऱ्यांनो, करार आला की रिमोट घरच्या माणसाच्या हातात द्या आणि बाजूला उभे राहा. दुकानदारांनो, पोरांना हे शिकवा. मराठी करार मागा आणि गिऱ्हाइकालाही मागू द्या. आणि घरच्यांनो, चहा नंतर पाजा. आधी समोर बसा, रिमोट मागून घ्या, आणि ज्याच्यापुढे ऐच्छिक लिहिलंय त्या प्रत्येक खुणेला नाही म्हणा. ज्यांचा टीव्ही आधीच भिंतीवर आहे त्यांनी आज रात्री जेवायला बसण्याआधी पाव तास काढा.