२४ तासांत १ लाख बुकिंग! पण लाँचआधीच्या वेटिंग लिस्टचा आकडा नेमकं काय सांगतो?

१५ जुलै २०२१ च्या संध्याकाळी ओला इलेक्ट्रिकने आपल्या पहिल्या स्कूटरचं बुकिंग सुरू केलं. रक्कम होती फक्त ४९९ रुपये, तीही परत मिळणारी. पुढच्या २४ तासांत १ लाख जणांनी नाव नोंदवल्याचं कंपनीने जाहीर केलं आणि ही बातमी देशभर झळकली.

गंमत म्हणजे तेव्हा स्कूटरची किंमत कुणालाच माहीत नव्हती. शोरूम नव्हतं, टेस्ट राइडही नव्हती. मग लोकांनी नेमकं काय बुक केलं होतं? आणि विकायला काही हातात नसताना कंपनीला यातून काय मिळालं?

आधी टीझर, मग रांग, मग किंमत

ओलाचा क्रम बघण्यासारखा आहे. बुकिंगच्या आधी कंपनीचे प्रमुख भाविश अग्रवाल सोशल मीडियावर स्कूटरची झलक दाखवत होते. बुकिंग सुरू झाल्यावर आठवडाभरात १० रंग समोर आले. ऑगस्टच्या सुरुवातीला लाँचची तारीख कळली आणि १५ ऑगस्टला किंमत: एस१ साठी ९९,९९९ रुपये, तर एस१ प्रो साठी १,२९,९९९ रुपये. राज्याच्या अनुदानामुळे महाराष्ट्रात ती थोडी कमी होती.

थोडक्यात, माहिती एकदम न देता तुकड्या-तुकड्यांनी दिली गेली. प्रत्येक तुकड्याची वेगळी बातमी झाली आणि जे आधीच रांगेत होते तेच ती बातमी पुढे पाठवत राहिले. ज्याने ४९९ रुपये भरलेत, तो रंगांचा व्हिडिओ बघणारच आणि मित्रांना 'तू कुठला घेणार?' असं विचारणारच.

४९९ रुपयांतून कंपनी कमावते का?

हिशोब करून बघू. १ लाख लोक गुणिले ४९९ म्हणजे साधारण ५ कोटी रुपये. ओलाने तामिळनाडूतल्या कारखान्यासाठी जाहीर केलेली गुंतवणूक होती २,४०० कोटींची. त्यासमोर ५ कोटी म्हणजे काहीच नाही, शिवाय ते परतही करावे लागू शकतात.

खरी कमाई तीन गोष्टींची असते. पहिली म्हणजे माहिती. कुठल्या शहरातून किती मागणी आहे, हे एकही स्कूटर न बनवता कळतं. १,००० हून जास्त शहरं आणि गावांतून बुकिंग आल्याचं ओलाने सांगितलं होतं. डिलिव्हरी आणि सर्व्हिसची आखणी करायला ही यादी सोन्यासारखी.

दुसरी गोष्ट म्हणजे ग्राहकाला थांबवून ठेवणं. तेव्हा बाजारात एथर, टीव्हीएस आयक्यूब आणि बजाज चेतक होत्या. ४९९ रुपये भरलेला माणूस 'आता ओलाची किंमत येऊ दे, मग बघू' म्हणून बाकीच्यांकडे जाणं पुढे ढकलतो. रक्कम किरकोळ असली, तरी ती फुकट नसल्यामुळे आपण काहीतरी ठरवलंय असं त्याला वाटतं.

तिसरी गोष्ट म्हणजे खुद्द तो आकडा. तो बातम्यांमध्ये चालतो आणि गुंतवणूकदारांनाही दिसतो.

आकडा गळतो कुठे?

रांगेतला माणूस आणि स्कूटर घेणारा माणूस यांच्यात बऱ्याच पायऱ्या असतात. किंमत कळली की काही जण बाहेर पडतात. मोठी रक्कम भरायची वेळ आली की आणखी काही, आणि डिलिव्हरी लांबली की आणखी काही.

ओलाची प्रत्यक्ष विक्री ८ सप्टेंबरला सुरू होणार होती. पण वेबसाइटच्या अडचणींमुळे ती १५ सप्टेंबरवर गेली. मग दोन दिवसांत १,१०० कोटींहून जास्त रुपयांच्या स्कूटर विकल्याचं कंपनीने जाहीर केलं.

हा आकडा नीट वाचायला हवा. तो स्कूटरच्या किमतीचा होता, हातात आलेल्या पैशांचा नाही. त्या टप्प्यावर ग्राहकाने २० ते २५ हजार रुपये भरायचे होते, म्हणजे किमतीच्या साधारण एक पंचमांश. सगळ्यांनी तेवढेच भरले असं धरलं, तर १,१०० कोटींच्या 'विक्री'मागे जमा झालेली रक्कम २०० कोटींच्या आसपास येते. शिवाय टेस्ट राइड सुरू झाल्या त्या नोव्हेंबरमध्ये. म्हणजे हे पैसे भरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गाडी चालवूनही बघितली नव्हती.

डिलिव्हरी ऑक्टोबरमध्ये सुरू व्हायची होती. चिपच्या टंचाईचं कारण देत ती पुढे गेली आणि १५ डिसेंबरला बंगळुरू व चेन्नईतल्या पहिल्या १०० ग्राहकांना स्कूटर मिळाल्या. 'एक लाख' या हेडलाइनपासून पहिल्या १०० गाड्यांपर्यंत जवळपास पाच महिने लागले.

गळती होणं म्हणजे फसवणूक नव्हे. टेस्लाच्या मॉडेल ३ साठी २०१६ पासून १,००० डॉलर भरून बुकिंग होत होतं. ऑगस्ट २०१७ मध्ये इलॉन मस्क यांनी सांगितलं, की एकूण ५ लाख १८ हजार बुकिंग झाली, पण रद्द झालेली वगळून उरली ४ लाख ५५ हजार. म्हणजे साधारण आठातला एक जण बाहेर पडला होता. फरक इतकाच, की टेस्लाने दोन्ही आकडे सांगितले. बहुतेक कंपन्या पहिलाच सांगतात.

रांग बंद करणारी कंपनी

याच वर्षी पुण्यातल्या बजाजने उलट केलं. एप्रिल २०२१ मध्ये चेतकचं बुकिंग पुणे आणि बंगळुरूत पुन्हा सुरू झालं, २,००० रुपये घेऊन. ४८ तासांत ते बंद करण्यात आलं, कारण जेवढ्या गाड्या देता येतील त्यापेक्षा मागणी जास्त झाली होती.

यात हेडलाइनला मोठा आकडा मिळत नाही आणि नाराज झालेला ग्राहक दुसरीकडे जाऊ शकतो. पण रांगेत असलेल्याला आपली गाडी येणार, हे बऱ्यापैकी ठाऊक असतं. एक यादी मागणी मोजते, दुसरी पुरवठ्याशी बांधलेली असते. दोन्हीला बातम्यांमध्ये 'बुकिंग' हाच शब्द वापरला जातो, आणि गोंधळ तिथेच होतो.

पुढची हेडलाइन कशी वाचायची?

आधी बघा, नाव नोंदवायला किती पैसे लागले आणि ते परत मिळतात का. फुकटातले १० लाख आणि २५ हजार भरलेले ५० हजार यांची तुलनाच होत नाही. मग बघा, तेव्हा किंमत जाहीर झाली होती का. नसेल, तर तो आकडा उत्सुकतेचा आहे, खरेदीचा नाही. रद्द झालेली बुकिंग वगळली आहेत का, हेही शोधा.

गाड्यांच्या बाबतीत तर एक सोपी सोय आहे. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 'वाहन' पोर्टलवर कुठल्या कंपनीच्या किती गाड्यांची नोंदणी झाली, ते महिन्यानुसार दिसतं. सगळ्या राज्यांची माहिती त्यात असेलच असं नाही, तरी रस्त्यावर खरंच किती गाड्या आल्या याचा अंदाज मिळतो.

आणि स्वतः रांगेत उभं राहायचं असेल, तर पैसे भरण्याआधी रिफंडची अट वाचा. पैसे परत मिळतात का, एवढंच बघू नका. किती दिवसांत मिळतात आणि कुठल्या टप्प्यानंतर मिळत नाहीत, हेही बघा. टीझरमध्ये तेवढं एकच सांगितलेलं नसतं.