औषध बदललं, पण डोस जुनाच राहिला तर?

मे २०२१ आठवतो? दुसरी लाट ओसरत होती आणि म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, रुग्ण वाढत होते. पनवेलपासून नागपूरपर्यंत नातेवाईक एकच इंजेक्शन शोधत होते, ॲम्फोटेरिसिन बी. शेवटी सरकारला त्याचं वाटप हातात घ्यावं लागलं.

त्या टंचाईतला एक धोका मात्र फारसा कुणी बोलून दाखवला नाही. ॲम्फोटेरिसिन एका प्रकारचं नसतं. लायपोसोमल प्रकारात औषध चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत बांधलेलं असतं, त्यामुळे किडनीला त्रास कमी होतो. साधा प्रकार जुना, स्वस्त आणि किडनीला बराच त्रासदायक. दोन्हींची ५० मिलिग्रॅमची बाटली मिळते आणि नावही जवळजवळ एकच.

समजा रुग्णाचं वजन ६० किलो आहे. लायपोसोमल किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ३०० मिलिग्रॅम, सहा बाटल्या. साधं असेल तर किलोमागे १ मिलिग्रॅम, म्हणजे फक्त ६०. किलोमागे दीडच्या वर तर ते कधीच द्यायचं नसतं. आता लायपोसोमल संपलं, फार्मसीने साधं पाठवलं, आणि कागदावर "ॲम्फोटेरिसिन ३०० मिग्रॅ" तसंच राहिलं, तर रुग्णाला पाचपट डोस जाईल. त्याने हृदय बंद पडू शकतं.

म्हणून माझं मत ठाम आहे: अशा औषधाच्या बाबतीत फार्मसीने परस्पर बदल करूच नये. फार्मासिस्टने डॉक्टरांना फोन करावा. डॉक्टरांनी जुनी ऑर्डर खोडून प्रकाराच्या नावासह नवी लिहावी. नुसतं ॲम्फोटेरिसिन लिहिलेली चिठ्ठी फार्मसीने परत पाठवावी. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला निरोप पुरेसा नाही, रात्रपाळीच्या सिस्टरने तो पाहिलेला नसतो. तिच्यासाठी बदल बाटलीच्या लेबलवर आणि केसपेपरवर हवा.

सिस्टरचं कामही बदलतं. साधं औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं, सलाईनमध्ये त्याचा साका होतो. ते चार ते सहा तास हळू सोडायचं. सुरू झाल्यावर थंडी वाजून ताप येऊ शकतो, त्याची औषधं आधीच देतात. किडनी जपण्यासाठी सलाईन देतात, पण ते वेगळं, औषधाआधी. मधे नळी डेक्स्ट्रोजने धुवायची. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वारंवार तपासावं लागतं.

किडनी आधीच कमजोर असेल, तर साध्यावर जाण्याऐवजी पोसाकोनॅझोल किंवा इसाव्हुकोनॅझोलचा विचार करतात. २०२१ मध्ये तीही औषधं सहज मिळत नव्हती, हे खरं.

तुमचं माणूस दाखल असेल आणि "तेच औषध, दुसऱ्या कंपनीचं" असं सांगितलं गेलं, तर संकोच न करता विचारा: प्रकार तोच आहे का, आणि डोस नव्याने लिहिलाय का? बाटली पाहायला मागितलीत तरी राग कुणाला येऊ नये. मला तरी येत नाही.