दोन नियम भांडले तर?

बडोद्याला माझ्या मावशीचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. दिवाळीआधी गिऱ्हाइकांच्या मेसेजना उत्तरं द्यायला मी तिला एक एआय चॅटबॉट लावून दिला. अशा बॉटने कसं वागायचं हे आपण आधीच लिहून ठेवतो, त्या सूचनांना सिस्टम प्रॉम्प्ट म्हणतात. माझ्या सूचनांत दोन ओळी होत्या: ‘उत्तर तीन ओळींत द्या’ आणि ‘पूर्ण माहिती द्या’. दोन्ही योग्यच वाटत होत्या.

एका बाईंनी विचारलं, मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, काय चालेल? बॉटने तीन ओळींत चकली, शेव आणि बेसनाचे लाडू सुचवले. चकली आणि शेव घाण्याच्या शेंगदाणा तेलात तळलेली असते, हे त्याला दिलेल्या यादीत होतं. उत्तरात मात्र आलं नाही. नशीब, मावशीने तो मेसेज वाचला आणि लगेच फोन केला.

मी तोच प्रश्न पाच वेळा विचारून पाहिला. तीनदा तेल गाळलेलं छोटं उत्तर आलं, दोनदा सगळी माहिती देणारं लांबलचक. मग मी दोन्ही ओळींपुढे ‘अत्यंत महत्त्वाचे’ लिहिलं. काहीच फरक पडला नाही, कारण दोन्ही सारख्याच महत्त्वाच्या राहिल्या. कोणता नियम कुठे माघार घेईल हे मी लिहिलंच नव्हतं, त्यामुळे बॉट दर वेळी स्वतःच ठरवत होता.

शेवटी असं लिहिलं:

```
१. ॲलर्जी किंवा घटकांचा प्रश्न: तेलासकट सर्व
   घटक सांगा. उत्तर लांबलं तरी चालेल.
२. बाकी प्रश्न: जास्तीत जास्त तीन ओळी.
३. तीन ओळींत मावत नसेल तर भाव आणि
   मिळण्याचा दिवस ठेवा, वर्णन गाळा.
```

आता कोण जिंकणार हे ठरलं, आणि जागा कमी पडली तर आधी काय गाळायचं तेही ठरलं. पण पुन्हा तपासताना एक फट सापडली. ‘अर्धा किलो चकली केवढ्याला, आणि दाणे आहेत का?’ या प्रश्नात भावही होता आणि घटकही. बॉट पुन्हा तीन ओळींवर आला. म्हणून जोडलं: ‘दोन्ही प्रकारचा प्रश्न एकत्र आला तर नियम १ लागू.’ त्यानंतर हाच प्रश्न दहा वेळा विचारला, दहाही वेळा तेलाचा उल्लेख आला.

तुम्हीही असं काही लिहिणार असाल, तर सोपे प्रश्न विचारून समाधान मानू नका. दोन नियम एकमेकांना अडतील असे प्रश्न मुद्दाम बनवा आणि प्रत्येक प्रश्न अनेकदा विचारा. उत्तर दर वेळी बदलत असेल, तर नियमांचा क्रम कुठेतरी लिहायचा राहिला असू शकतो.

तरीही दहापैकी दहा म्हणजे कायमची हमी नव्हे. म्हणून ॲलर्जीचा मेसेज आला की मावशी अजूनही स्वतः फोन करते.