लेणी कोणाच्या पैशाने कोरली गेली?

कऱ्हाडजवळच्या आगाशिव डोंगरावरील लेण्यांत आम्ही विद्यार्थ्यांना सहलीला नेतो, तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘ही कोणत्या राजाने बांधली?’ दोष मुलांचा नाही. इतिहास म्हणजे राजांची कामगिरी असे आम्हीच त्यांना शिकवले आहे. शिवाय लेणी बांधलेली नसून कोरलेली आहेत. पाथरवट छताकडून आरंभ करून खाली उतरत गेला, म्हणून त्याला परांचीची गरज पडली नाही. हे काम वर्षानुवर्षे चाले, आणि तितकी वर्षे कोणीतरी मजुरी पुरवावी लागे.

तो कोणीतरी भिंतीवरच भेटतो. कोकणात राजपुरीच्या खाडीजवळ कुडा येथे एका लेण्यावर दात्याची ओळख लिहिली आहे : करहाकडचा लोखंडाचा व्यापारी महिक. करहाकड म्हणजे आपले कऱ्हाड. देशावरचा हा वाणी घाट उतरून खाडीकाठी लेणे दान करतो, यावरून त्याचा व्यवहार कुठवर पोचला होता हे कळते. बंदर, घाट आणि बाजारपेठ यांच्या वाटेवरच लेणी का, याचेही उत्तर त्यात आहे. भिक्खूंना भिक्षा हवी होती आणि ती देणारे लोक याच वाटेने जात-येत होते.

बोरघाटाच्या माथ्याजवळील कार्ले येथे तर चैत्यगृहाचे खांब वेगवेगळ्या दात्यांनी दिले आहेत. त्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. दाराच्या कामावर त्याच गावच्या सामि नावाच्या सुताराचे नाव आहे. हाताने राबणाऱ्याचे नाव असे क्वचितच सापडते. ज्यांच्या छिन्नीने डोंगर पोखरला ते पाथरवट बहुतेक निनावीच राहिले, ही खंत आम्हांला लपवावीशी वाटत नाही.

राजघराण्यांनी काहीच दिले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण कायमनिधी म्हणून दिले, पण ते कोठारात ठेवले नाहीत. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, तर दुसरीकडे एक हजार पाऊण दराने ठेवले. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. दोन हजारांचे व्याज महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हिशेब पैशाला पैसा जुळतो. आम्ही वर्गात हे गणित फळ्यावर सोडवून घेतो.

म्हणजे राजाच्या जावयानेही विश्वास टाकला तो मागावर बसणाऱ्यांच्या संघटनेवर. लेण्यांच्या माहितीफलकांवर ‘सातवाहनकालीन’ एवढेच लिहिण्याऐवजी तिथल्या दात्यांची नावे व धंदे मराठीत लिहावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. महिकाचे नाव कऱ्हाडच्या मुलांना तरी ठाऊक असायला हवे.