टेबल-टेनिसचा पहिला धडा कसा द्यावा?

शाळेत टेबल-टेनिसचे मेज आले म्हणजे त्याभोवती मुलांचा घोळका जमतो आणि कोणी न सांगताच एक नियम सुरू होतो : जो जिंकेल तो मेजावर राहील, जो हरेल तो रांगेच्या शेवटी जाईल. आदिलाबाद जिल्ह्यातील आमच्यासारख्या मराठी शाळेत मेज बहुधा एकच असते व मुले पुष्कळ असतात. त्यामुळे हा नियम सर्वांस न्याय्यच वाटतो. आमचे मत याच्या उलट आहे. नवशिक्या मुलांपुरता हा नियम बंद करावा आणि त्याच्या जागी टोपलीतील चेंडू एकामागून एक देण्याची, जिला ‘मल्टिबॉल’ म्हणतात ती, पद्धत आणावी, असे आम्हांस वाटते. मात्र ती नीट समजून आणावी. एरवी तिच्यामुळेही हात बिघडतो.

प्रथम साधा हिशेब पाहू. समजा, चाळीस मिनिटांचा तास आहे व मुले १२ आहेत. हल्ली डाव ११ गुणांचा असतो. नवशिक्यांचा एक डाव चार मिनिटांत संपतो असे धरले, तर तासात १० डाव होतील. पहिल्या डावात दोन मुले खेळतात व पुढील प्रत्येक डावात एकच नवे मूल येते. म्हणजे १० डावांत ११ मुलांची पाळी लागते आणि बारावे मूल चेंडूस स्पर्शही न करता वर्गात परतते. जे मूल ११–३ असे हरते त्याच्या वाट्यास एकूण १४ गुण येतात. त्यांतील बरेचसे सर्व्हिस जाळीत गेल्याने किंवा पहिलाच फटका चुकल्याने संपतात. ज्याला सरावाची गरज सर्वांत अधिक, त्यालाच सराव सर्वांत कमी मिळतो. मग ‘अमक्याचा हातच नाही’ असे आपण म्हणतो. त्या हाताला चेंडू मिळाला किती, हे कोणी मोजत नाही. रांगेच्या शेवटी राहणाऱ्यांत मुली अधिक असतात, हेही आमच्या पाहण्यात आहे.

आता तोच तास निराळ्या रीतीने वाटू. आरंभी पाच मिनिटे हात-पाय मोकळे करावेत. आमच्या जिल्ह्यातील पौष-माघाच्या सकाळी बोटे आखडलेली असतात, तेव्हा हे आवश्यकच होय. नंतर प्रत्येक मुलास ३० चेंडू द्यावेत. तीन सेकंदांस एक चेंडू या गतीने दीड मिनिट लागते आणि अदलाबदलीस अर्धा मिनिट. बारा मुलांची पाळी २४ मिनिटांत पुरी होते व अकरा मिनिटे जोडीने खेळण्यास उरतात. प्रत्येकाच्या वाट्यास, हुशार असो वा मंद, एकाच फटक्याची ३० आवर्तने येतात. यासाठी साठ चेंडू असावेत, म्हणजे तीस खेळात असताना दुसरे तीस गोळा करता येतात. खेळणाऱ्याच्या समोरच्या बाजूस, चेंडू देणाऱ्या शिक्षकाच्या पाठीमागे, जुनी मच्छरदाणी टांगली तर चेंडू अंगणभर पळत नाहीत.

परंतु टोपली पुढे ओढण्यापूर्वी मुलाची पकड व उभे राहण्याची ठेवण पाहिली पाहिजे. आमच्याकडील बहुतेक मुले बॅट झाऱ्यासारखी धरतात : सारी बोटे मुठीवर आणि तर्जनी पात्याच्या मागे मधोमध ताणलेली. असे धरले की मनगट एका बाजूसच वळते. पकड हस्तांदोलनासारखी असावी. तीन बोटे मुठीभोवती, अंगठा एका बाजूच्या रबराच्या खालच्या काठाशी, तर्जनी दुसऱ्या बाजूस तशीच काठालगत टेकलेली. अंगठा व तर्जनी यांमधील खाच बॅटीच्या कडेच्या रेषेत आली की पकड जमली असे समजावे. ती घट्ट किती असावी, हे येथल्या मुलांस सांगणे सोपे आहे. बोंडातून कापूस वेचताना बोटे जितकी हलकी असतात, तितकीच ती येथे असावीत. शिक्षकाने पाते धरून किंचित ओढले असता बॅट थोड्या विरोधाने सरकली पाहिजे. पहिले दोन दिवस बॅटीवर चेंडू उडवीत राहणे, हाच पकडीचा उत्तम अभ्यास होय.

उभे राहताना पाय खांद्यांहून थोडे अधिक अंतरावर, गुडघे जरा वाकलेले, भार टाचांवर नसून पायांच्या पुढील भागावर, आणि मेजापासून अंतर साधारण एका हाताचे. उजवा हात वापरणाऱ्याचा उजवा पाय किंचित मागे असतो व डावखोऱ्याचे सारे याच्या उलट. बॅट मेजाच्या पातळीच्या वर, शरीरासमोर असावी. हात लोंबता ठेवणाऱ्या मुलास प्रत्येक चेंडूच्या वेळी आधी बॅट वर उचलावी लागते, आणि तेवढ्यात चेंडू खाली पडून जातो.

आता फोरहँड पुश. हा जोराचा फटका नव्हे. समोरून खालची फिरकी घेऊन आलेला चेंडू तसाच फिरकीसह, जाळीवरून नीच परतविणे हे याचे काम. खालची फिरकी म्हणजे चेंडू पुढे जात असता मागच्या दिशेने स्वतःभोवती फिरणे. असा चेंडू टप्पा पडताच मंदावतो आणि बॅटीस लागताच खाली, जाळीकडे, झुकतो. म्हणून बॅटीचे तोंड थोडे आभाळाकडे उघडे ठेवावे आणि चेंडू टप्प्यानंतर सर्वांत उंच आला असता, शरीराच्या पुढे व उजवीकडे, त्याच्या मागच्या-खालच्या भागास स्पर्श करीत कोपरापुढील हात पुढे व किंचित खाली न्यावा. हालचाल वीतभराचीच असावी. चेंडू जाळीजवळ आखूड पडला तर उजवा पाय मेजाखाली पुढे टाकावा. नुसता हात लांबवू नये.

येथे आमच्या मताचा मुख्य मुद्दा येतो. ही पद्धत चिनी प्रशिक्षकांनी रूढ केली व जगभर पसरली. पण तिचे बाह्य रूप तेवढे पाहून पुष्कळ ठिकाणी शिक्षक टोपलीतून चेंडू भराभर फेकतात. तो चेंडू सपाट असतो, त्यात फिरकी मुळीच नसते. अशा चेंडूवर मुलाने बिनचूक पुश केला तरी चेंडू उंच तरंगतो. मूल ते पाहून बॅटीचे तोंड मिटू लागते. पुढे खरी फिरकी आली की तोच चेंडू जाळीत जातो. दोष देणाऱ्या हाताचा, आणि सवय बिघडते घेणाऱ्या हाताची. म्हणून पहिला अभ्यास मुलाचा नसून शिक्षकाचा आहे. टोपली डाव्या हाताशी ठेवावी, चेंडू हलकेच सोडावा व बॅटीने त्याच्या खालून घासून तो पलीकडे पाठवावा. परीक्षा सोपी आहे : पलीकडे टप्पा पडल्यावर चेंडू अडखळला पाहिजे. घासणे चांगले साधले तर तो जाळीकडे परतूही लागतो. वीसांपैकी पंधरा चेंडू मेजाच्या एका कोपऱ्यात, उघड्या वहीएवढ्या जागेत पडू लागले, म्हणजे मुलांस बोलवावे.

दुसरा नियम गतीचा. तीन सेकंद हे केवळ अनुमान आहे. मुलाची बॅट पूर्वस्थितीस परत आली, की पुढचा चेंडू सोडावा. त्याआधी सोडला तर मूल फटका पुरा न करताच पुढच्यामागे धावते.

एक उदाहरण घेऊ. समजा, आठवीतील एका मुलीने तीस चेंडू खेळले आणि पाळीची वाट पाहणाऱ्या मैत्रिणीने वहीत नोंद केली : नऊ बरोबर, चौदा जाळीत, सात मेजापलीकडे. ‘नीट खेळ’ असे सांगून काही निष्पन्न होणार नाही. जाळीत गेलेल्या चेंडूंची कारणे दोन असू शकतात. स्पर्शाच्या वेळी बॅट मेजाच्या पातळीपर्यंत उतरलेली असेल, तर मुलीने उशीर केला. बॅट योग्य उंचीवर असूनही चेंडू जाळीत गेला, तर तोंड मिटलेले होते. येथे उशीर आहे, आणि त्याचे कारण कोपर बरगडीस चिकटलेले आहे, असे दिसले. तेव्हा एकच सूचना द्यावी : कोपर पुढे आण. पुढील तीस चेंडूंत जाळीतील संख्या उतरली तर निदान खरे ठरले. मेजापलीकडील सात चेंडूंकडे त्या दिवशी पाहू नये. मात्र ते उंच तरंगत गेले असतील तर शिक्षकाने प्रथम आपली फिरकी तपासावी आणि मग मुलीचा हात. तीसांपैकी वीस बरोबर येईपर्यंत जागा बदलू नये. तसेच एका दमात शंभर चेंडूही देऊ नयेत. हात थकला की चुकीचाच फटका घटविला जातो.

बॅटींविषयी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. १९५२ साली मुंबईस जागतिक स्पर्धा भरल्या, तेव्हा जपानचे हिरोजी सातो जाड स्पंजाच्या बॅटीने खेळून पुरुषांचे अजिंक्यपद घेऊन गेले. त्या बॅटीवरून येणाऱ्या चेंडूचा अंदाज भल्याभल्यांस येईना. आमच्या कपाटातही एक बॅट नवी, एक झिजून गुळगुळीत झालेली, एकीचे रबर सुटलेले, असा प्रकार असतो. गुळगुळीत रबर चेंडूस धरीत नाही. एकाच मुलास आज एक व उद्या दुसरी बॅट दिली, तर त्याची नोंदवही काहीच सांगणार नाही. दोनच बॅटी सारख्या व चांगल्या ठेवून त्या सर्वांनी पाळीने वापराव्यात. चेंडूचे वजन अवघे २.७ ग्रॅम असते, म्हणून सरावाच्या वेळी पंखा बंद असावा आणि मेज वाऱ्याच्या व्हरांड्यात नसावे.

या पद्धतीस मर्यादा आहेत, हे आम्ही जाणतो. टोपलीतील चेंडू कोठे येणार हे मुलास ठाऊक असते. प्रतिपक्ष्याच्या बॅटीवरून फिरकी ओळखणे व सर्व्हिस करणे ती शिकवीत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांनंतर चेंडू कधी उजवीकडे, कधी मध्यभागी असे क्रम मोडून द्यावेत, आणि तासाच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोघांनी मिळून पुशची माळ न तोडता किती लांबते ते मोजावे. दहापर्यंत माळ जाऊ लागली, की गुणांचे डाव खुशाल सुरू करावेत.

सामन्यावाचून मुलांचा उत्साह मावळेल, असा आक्षेप आमचे काही सहकारी घेतात. जी मुले रोज जिंकतात त्यांच्याविषयी तो खरा असू शकेल. परंतु शाळेचे मेज त्यांच्यापुरतेच नाही. निदान एक सत्र तरी हा प्रयोग करावा, प्रत्येकाची नोंद वहीत ठेवावी, आणि मगच कोणाचा हात आहे व कोणाचा नाही हे ठरवावे, एवढीच आमची विनंती आहे.