रोज्याला सूट, चुलीला नाही

इफ्तारचं ताट शेजारी पाठवायची आमच्या गल्लीतली रीत जुनी आहे. दिवाळीत तिकडून फराळ येतो, रमजानमध्ये इकडून भजी, खजूर आणि फळांची चाट जाते. तीन वर्षांपूर्वी अशाच एका ताटाबरोबर आमच्या घरातलं दुखणंही शेजारच्या काकूंकडे गेलं.

त्या दिवशी सहरीनंतर माझ्या पत्नीला तीनदा जुलाब झाले, दुपारपर्यंत दोन उलट्या झाल्या. आपोआप उलटी झाली तर रोजा तुटत नाही, हे आमच्यात लहान मुलालाही ठाऊक असतं. तिनेही तेवढंच धरून ठेवलं होतं. आजारी माणसाने रोजा सोडावा आणि बरं झाल्यावर तेवढे दिवस भरून काढावेत, ही मुभा कुरआनच्या दुसऱ्याच सूरेत आहे. मी ती आठवण करून दिली तेव्हा कुठे तिने रोजा सोडला. ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात कालवून मीच तिला दिली आणि आपलं कर्तव्य झालं असं समजलो. चार वाजता ती ओढणी कमरेला खोचून ओट्यापाशी उभी राहिली. मी काही बोललो नाही.

बोलायला हवं होतं, कारण तेव्हा मी एका कारखान्याचं कॅन्टीन सांभाळत होतो. तिथे कोणा आचाऱ्याला जुलाब लागले तर त्याला मी दारातूनच परत पाठवायचो. अन्न सुरक्षेचे नियमच तसे आहेत. जुलाब, उलटी, ताप किंवा कावीळ असलेल्या माणसाने ते आधी सांगायचं आणि अन्नापासून लांब राहायचं. अनोळखी तीनशे माणसांसाठी जो नियम मी पाळत होतो, तो घरच्या सहा माणसांसाठी मला सुचला नाही.

तिने पपई आणि खरबूज कापलं, केळी सोलली, सगळं हाताने कालवलं. लिंबं मुठीत पिळून सरबत केलं. अजान व्हायला दहा मिनिटं असताना भजी तळली. दुसऱ्या दिवशी रात्री अम्मीला उलट्या सुरू झाल्या, मग मुलीला, पहाटे मला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या अम्मीला सलाईन लावावं लागलं. सकाळी कळलं की काकूंचा नातूही रात्रभर ओकत होता. आमचा धाकटा मात्र ठणठणीत होता. त्याला फळं आवडत नाहीत आणि सरबतापेक्षा थंड पाणी बरं वाटतं, म्हणून त्याने फक्त भजी खाल्ली होती. तपासणी कोणाचीच झाली नाही, म्हणून जंतूचं नाव मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण काकूंचा नातू आमचं संडास वापरत नव्हता आणि धाकटा वापरत होता, एवढ्यावरून वाट कुठली होती ते दिसतं. भजी उकळत्या तेलातून थेट ताटात गेली. चाट आणि सरबत हाताने केलं आणि मग विस्तवाच्या जवळही गेलं नाही.

पोट बिघडवणाऱ्या जंतूंमध्ये नोरोव्हायरस हा फार चिवट. खाल्ल्यापासून १२ ते ४८ तासांत तो आजारी पाडतो, आमच्याकडचा हिशेब त्यात बसतो. डोळ्यांना न दिसणारे त्याचे काही मोजके कणसुद्धा माणसाला पुरतात. ते नखांत राहतात, संडासातल्या मगच्या कानाला लागतात, नळाच्या चावीवर बसतात, आणि हात पुसलेल्या ओढणीवरून पुन्हा हातावर येतात. सॅनिटायझरला हा विषाणू फारसा जुमानत नाही. साबण लावून वीस सेकंद चोळलेला आणि वाहत्या पाण्याखाली धुतलेला हातच चालतो. आणि आमच्या लोकांसाठी एक आवर्जून सांगतो, वजू म्हणजे साबणाने धुणं नव्हे. नमाजसाठी वजू पुरेसा आहे, फळं कापायला नाही.

तरीही चुकतं ते बहुधा वेळेत. जुलाब थांबले की बाईला ‘आता बरं आहे’ वाटतं आणि ती लगेच कामाला लागते. पण थांबल्यानंतरचे पहिले दोन दिवसही विष्ठेतून जंतू भरपूर पडत असतात. म्हणून शेवटचा जुलाब किंवा उलटी झाल्यापासून ४८ तास मोजायचे. सोमवारी रात्री दहाला शेवटचा जुलाब झाला असेल तर बुधवारी रात्री दहापर्यंत स्वयंपाकघर बंद, गुरुवारची सहरी करायला हरकत नाही. मधे मंगळवारी पुन्हा एकदा पोट बिघडलं तर मोजणी तिथून नव्याने. दोन दिवसांनंतरही जंतू थोडे पडत राहतात, त्यामुळे साबण सुटत नाही.

हा हिशेब साध्या जुलाब-उलटीचा. विष्ठेत रक्त असेल किंवा टायफॉइड निघाला असेल, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. काविळीत डोळे पिवळे दिसू लागल्यापासून किमान आठवडा, आणि तोही डॉक्टरांना विचारून. उलट गरोदर बाईची रोजची मळमळ, किंवा अर्धशिशीची नेहमीची उलटी, यातून कोणाला काही लागत नाही. कारण नक्की माहीत नसेल, तर संसर्ग आहे असंच धरून चालावं.

आता ‘मग करणार कोण?’ हा प्रश्न येतोच. ज्या घरात एक बाई आणि दोन लहान मुलंच आहेत, तिथे तिला बाहेर बस म्हणणं सोपं नाही. तिने करायचंच असेल तर जे चुलीवर खदखदून थेट ताटात जातं तेवढंच करावं, म्हणजे खिचडी, डाळ, उकडलेली अंडी. चपाती भाजल्यावर आपण हाताने तूप लावतो, दुमडतो, म्हणून ती त्या दिवशी नको. केळी ज्याची त्याने सोलावी. मटक्यातलं पाणी ओगराळ्याने दुसऱ्या कोणीतरी काढावं, आजारी माणसाचा हात त्यात बुडू नये. ओट्यापाशीच उलटी झाली तर आसपास उघडं असलेलं अन्न टाकून द्यावं. जीव तुटतो, पण शिंतोडे दिसतात त्याहून लांब जातात.

पण बहुतेक घरांत खरी अडचण माणसांची नसतेच. आमच्या घरात त्या दिवशी दोन धडधाकट पुरुष होते. अल्लाहने आजाऱ्याला रोज्यातून सूट दिली, आम्ही चुलीतून दिली नाही. ‘घरात बसून एवढं तर करेल’ हे कोणी बोलत नाही, पण संध्याकाळी दस्तरखानावर बसून वाट बघणं म्हणजे बोलणंच झालं. म्हणूनच बायका जुलाब लागल्याचं सांगतही नाहीत.

मी काकूंकडे माफी मागायला गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “अहो भाई, सासूबाई होत्या तोवर महिन्याचे चार दिवस मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नव्हत्या, आणि त्याने कोणाचं काही बिघडलं नसतं. पण जुलाब लागलेले असताना मी याच घरात पंचवीस पानांचं श्राद्ध रांधलंय. तेव्हा मला कोणी उठ म्हणालं नाही.”

यंदा पाचव्या रोज्याला धाकट्याचं पोट बिघडलं. तो सरबत करायच्या कामावर होता, त्याला बाजूला केलं. भजी मी तळली, जरा करपली. काकूंकडे दोन दिवस चाट गेली नाही, सालासकट केळी आणि खजुराचा न फोडलेला डबा गेला. त्यांनी डबा घेता घेता विचारलं, “कोणाला झालंय?”